माल सोलापूरचा

दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं सांगायची झाली तर सकाळी दूधवाला, पुढं दुकानात मोबाइल दुरुस्त करणारा भाडेकरू आणि सरकारी पोर्टलवरून येणारा ओटीपी. त्यात ओटीपी सगळ्यात नियमित. अंबाजोगाईत वडिलांचं किराणा दुकान होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी राहते. तीस वर्षं नवी मुंबईत बंदराजवळच्या एका कस्टम एजंटाच्या ऑफिसात आयात-निर्यातीचे कागद केले, आईच्या आजारपणासाठी परत आले, आई दोन वर्षांनी गेली आणि मी राहिले. परत जायला कुणी बोलावलं नाही आणि इथंही कुणी थांब म्हटलं नाही. लग्न राहूनच गेलं. हे वाक्य मी आता इतकं सफाईनं म्हणते की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारायला जागाच उरत नाही.

गावात माझं नाव 'मुंबईच्या बाई'. जन्म याच गल्लीतला, शाळा पलीकडच्या चौकातली, तरी मुंबईच्या. मला त्याचा राग येई, पण सांगायचं कुणाला? शेवटी त्याच नावानं माझ्या दारात एक माणूस आणून उभा केला.

खांद्यावर काळी घोंगडी, पायात जाड वहाणा, हातात चार घड्या घातलेला कागद. दिंद्रुडच्या पुढच्या वस्तीवरचा विणकर. पुण्यातल्या प्रदर्शनात त्याची घोंगडी एका परदेशी खरेदीदाराला आवडली होती. त्यानं ईमेल पाठवला होता आणि कुणीतरी तो छापून दिला होता. ईमेल इंग्रजीत, आणि विणकराला इंग्रजी येत नव्हतं. गावभर विचारत तो माझ्यापर्यंत पोचला.

"ताई, त्याला माल पसंत हाय," तो म्हणाला. "पण हे आणिक एक कागद मागतोय. कावून मागतोय ते काय कळंना."

मी वाचलं. खरेदीदाराला मालासोबत उत्पत्तीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि तेही करारातल्या सवलतीचं. त्या दिवशी मी किती वेळ बोलत होते देव जाणे. बरेच महिने कुणी मला माझ्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं, त्यामुळे बांध फुटला असावा. मी त्याला सांगितलं, आपल्या देशाचा आणि त्या देशाचा व्यापाराचा करार आहे. आपल्याकडं तयार झालेला माल तिकडं गेला तर त्यावर आयात शुल्क लागत नाही किंवा कमी लागतं. पण ती सवलत आपल्या मालाला आहे, आपल्या हातून गेलेल्या कुठल्याही मालाला नाही. नाहीतर तिसऱ्याच देशातला माल इथं उतरवायचा, वेष्टन बदलायचं आणि सवलत घेऊन पुढं पाठवायचा, असा धंदा कुणीही करील. म्हणून माल खरोखर कुठं घडला हे विचारतात. त्याचे नियम असतात, वस्तूगणिक वेगळे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मेंढरं कुणाची ते सांगायचं."

"तेच."

"मंग तुमी येऊन बघा की. वहिनीच्या हातची भाकर खा, मेंढरं बघा, मंग लिवा."

मी गेले. परळीला बस बदलली, दिंद्रुडला उतरले, तिथून तो मला मोटारसायकलवर घेऊन गेला. साठीच्या जवळ आलेली बाई मागं तिरकी बसून घोंगडी सांभाळत चालली आहे, हे दृश्य बघायला रस्त्यावर कुणी ओळखीचं नव्हतं हे बरंच झालं.

त्या घरात मी काय काय पाहिलं! मेंढरांची लोकर कातरून ठेवलेली, काळी वेगळी, करडी वेगळी. विणकराची बायको चरख्यावर सूत कातत होती आणि त्याच वेळी सुनेला ओरडतही होती, दोन्ही सारख्याच एकाग्रतेनं. सुताला चिंचोक्याची खळ लावून ते उन्हात ताणलेलं. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, आणि त्यात पाय सोडून बसलेला तो. मी तीस वर्षं बंदरावर हजारो पेट्यांचे कागद केले, पण पेटीत काय आहे ते क्वचित पाहिलं. कागदावर 'संपूर्णतः येथेच उत्पादित' असं लिहिताना ज्या मेंढीबद्दल लिहितेय तिनं माझा पदर चावलाय, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. मेंढी इथं जन्मली, इथं वाढली, लोकर इथं कातरली, सूत इथं, विणकाम इथं. नियमातला सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वच्छ प्रकार. मी खूश झाले. इतकी खूश झाले की तो मला हसला.

पहिली खेप लहान होती, बिनबोभाट गेली. पोर्टलवर अर्ज मी भरला, उत्पादनाचं निवेदन मी लिहिलं, निर्यातदार म्हणून डिजिटल सही त्याची. सहीचं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र त्यानं माझ्याकडंच ठेवायला दिलं. "माझ्याकडं मेंढरू खाईल," म्हणाला. मी नियम सांगितला की सही ज्याची जबाबदारी त्याची, यंत्र दुसऱ्याकडं ठेवू नये. तो म्हणाला, तुमी दुसऱ्या हाव का?

मी ते पिशवीत टाकलं. घरी येऊन यंत्र कपाटात ठेवलं, आणि उगीचच दोनदा कपाट उघडून बघितलं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी रविवारी मी तिकडं जाऊ लागले. कामाचं निमित्त असे, नसलं तर मी काढत असे. मोजमापाचा फॉर्म, पॅकिंगची यादी, काहीही. ते दोघं मला ताई म्हणत, मी त्यांना दादा आणि वहिनी. वहिनी माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण तोंडानं माझी सासू शोभली असती. "इतकी शिकल्याली बाई अन् भाकरीला हात लावायची न्हाई, मंग कागद कसा उचलतीस?" असं म्हणून ती ताटात तिसरी भाकरी टाकायची. मी तक्रार करायची आणि खायची. परतीच्या बसमध्ये मला वाटायचं की हे माझं आहे. मी स्वतःला बजावत असे की तू त्यांची कागदवाली आहेस, जास्त लाडात येऊ नकोस. बजावून काही उपयोग होत नसे.

दुसरी ऑर्डर मोठी आली. साठ घोंगड्या, आणि त्यासोबत एकशेचाळीस शाली. खरेदीदाराला मऊ शाली हव्या होत्या, अंगावर घ्यायच्या, कडेला हातानं मारलेल्या गोंड्यांच्या गाठी असलेल्या. विणकाम कुणाचं असावं हे त्यानं विचारलं नव्हतं. सवलतीचं प्रमाणपत्र मात्र पूर्ण मालासाठी मागितलं होतं, कारण त्यानं आपला हिशेब शून्य शुल्कावर मांडला होता.

त्या महिन्यांत मला जाताच आलं नाही. गुडघा धरला होता, बस चढणं जमत नव्हतं. फोनवर बोलणं होई. माल तयार होत आला तेव्हा मी अर्ज भरायला बसले आणि दादांना फोन लावला.

"दादा, शालींत बाहेरचं काही आहे का?"

"काय बी न्हाई, ताई. सगळं हितलंच."

"नक्की?"

"आता तुमास्नी खोटं बोलू का?"

मी लिहिलं. लोकर येथील, सूत येथील, विणकाम येथील. घोंगडीच्या ओळीखाली शालीची ओळ, दोन्हींना एकच निवेदन. मग अर्ध्या तासानं वहिनीचा फोन आला, गुडघ्याला काय लावायचं ते सांगायला. त्या फोनचं मला जास्त कौतुक होतं. माल गुरुवारी निघणार होता, अर्ज सोमवारी पाठवला. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाकडून अजून मंजुरी आलेली नव्हती.

मंगळवारी गुडघा जरा बरा वाटला म्हणून मी न सांगता गेले. पॅकिंग बघते, फोटो काढते, असं कारण. खरं कारण असं की दोन महिने मी समोरासमोर फक्त दूधवाल्याशी बोलले होते.

ओसरीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. सगळ्यांच्या मांडीवर शाली, बोटं भराभर गाठी मारत होती. एका बाईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला बघून वहिनी ओरडली, "आली बगा आमची साहेबीण! पाय दुखतोय म्हनं!" सगळ्या हसल्या. मी एक शाल हातात घेतली. फार मऊ होती. घोंगडीच्या लोकरीला हात लावला की हाताला ती कळते, टोचते. ही शाल लोण्यासारखी हातातून निसटत होती. आणि वीण इतकी सारखी की एकही धागा कुठं दमलेला नाही.

मी मागच्या खोलीत गेले. माग मोकळा होता. भिंतीला कापडाची ठाणं उभी केलेली, वर प्लास्टिक. एका ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर छापील पट्टी होती. त्यावर एका देशाचं नाव, आणि तो देश आपलाही नव्हता आणि करारातलाही नव्हता.

दादा मागून आले. माझं तोंड बघून ते थबकले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"शालींचं कापड."

"तुम्ही म्हणालात सगळं इथलंच!"

"मंग? हितलंच की. सोलापूरहून आणलंय. बिल हाय ना माझ्याकडं, पक्कं बिल." आणि ते खरंच बिल घेऊन आले. जीएसटीसकट, शिक्क्यासकट, नीट घडी घातलेलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. सोलापूरला घेतलं म्हणजे माल सोलापूरचा. माझ्या वडिलांच्या दुकानातही असंच होतं. पोत्यावर काहीही छापलेलं असो, खजूर लातूरच्या आडतीवरून आला की तो लातूरचा खजूर. बाहेरचं म्हणजे वस्तीबाहेरचं, फार तर जिल्ह्याबाहेरचं. आणि सोलापूर तर आमच्याकडं घरचं.

चूक माझी होती, हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्या धंद्यात 'बाहेरचं काही आहे का' असं कुणी विचारत नाही. कापड कुणी विणलं, सूत कुठं कातलं, त्याचा कागद दाखवा, असं विचारतात. बिल सांगतं की माल कुठं विकत घेतला. कुठं घडला हे ते सांगत नाही. नव्या पोरींना ऑफिसात पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवायचे. आणि मी स्वतः घरच्या माणसाशी बोलावं तसं गुळगुळीत विचारलं, कारण मला उत्तर नको होतं, नुसतं बोलणं हवं होतं.

पण चूक आपली असली की माझं डोकं जास्त तापतं. तो माझा जुना आजार आहे.

"अहो दादा, हे चालत नाही," मी म्हणाले. "शालीसाठी करारात लिहिलंय की विणकाम इथलं पाहिजे. नुसतं कापणं, काठ दुमडणं, गाठी मारणं, घडी घालून पिशवीत भरणं, यानं माल इथला होत नाही. एवढ्याला ते काम धरतच नाहीत."

"दोन महिने झाले बाया बसल्यात," ते म्हणाले. "त्याला काम धरत न्हाईत?"

"नाही धरत."

"मंग असं बगा. बाजारातून कोकरू इकत आणलं. पाहुण्याच्या गावचं, परमुलखातलं म्हना. आमी वाढवलं, चारलं, वर्सानं लोकर कापली. ती लोकर कुणाची?"

माणूस बरोबर बोलत होता. जिवंत जनावरापासून जे मिळतं ते, ते जनावर जिथं वाढलं तिथलं, हे नियमातही तसंच आहे. "तुमची," मी म्हणाले. "कारण ती लोकर तुमच्या रानात उगवली. हे कापड तुमच्या रानात उगवलं नाही."

ते हसलेच थोडेसे. तिथंच मी थांबायला हवं होतं. सांगायला हवं होतं की घोंगड्या तुमच्या शंभर टक्के चालतात, शालींची ओळ काढून टाकू, शाली तशाच जाऊ द्या, खरेदीदार पूर्ण शुल्क भरील नाहीतर घेणार नाही, बघू. एका बिलात दोन वस्तू असल्या तरी प्रत्येकीची उत्पत्ती वेगळी ठरते. हे सगळं मला माहीत होतं. पण मी तरातरा ओसरीवर आले. बायांच्या मधून शाल उचलली, आणि वहिनीपुढं धरून म्हणाले, "यात तुमचं काहीच नाही, वहिनी!"

आमच्या ऑफिसात हे वाक्य रोज म्हटलं जायचं. या पेटीत त्यांचं काही नाही, त्या मालात यांचं काही नाही. त्यात कुणाचा अपमान नसायचा, कारण ऐकायला कुणी नसायचं, फक्त आम्ही आणि फायली. इथं समोर आठ बाया होत्या. चिंध्या बांधलेली बाई आपल्या बोटांकडं बघायला लागली.

वहिनीनं शाल माझ्या हातातून काढून घेतली आणि मांडीवर सारखी केली. ती शांत बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दादा मागून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, आता कागद गेलाय ना? तुमी गप बसलात तर काय हुईल?"

बहुतेक काही झालं नसतं. हे मी खरं सांगते. लाखो कागद जातात, त्यातला एखादाच तिकडचे कस्टमवाले पडताळणीला परत पाठवतात. पण पाठवतात तेव्हा दोन-दोन वर्षांनी पाठवतात. मग इथं विचारणा येते, उत्पादन कुठं झालं ते दाखवा, कच्च्या मालाची बिलं दाखवा. म्हणून ते कागद वर्षानुवर्षं जपून ठेवायला लावतात. आमच्या ऑफिसात एक कपड्यांचा लहान निर्यातदार अशाच पडताळणीत अडकला होता. तिकडच्या खरेदीदाराकडून शुल्क वसूल केलं, त्यानं याच्याशी व्यवहार तोडला, आणि पुढं याचा खरा मालसुद्धा कुणी विश्वासानं घेईना. त्या माणसाला मी ऑफिसच्या जिन्यात रडताना पाहिलं होतं.

आणि इथं सही माझी नव्हती. निवेदन माझ्या शब्दांत होतं, चूक माझी होती, पण खाली सही दादांची. खोटं त्यांचं ठरलं असतं. मला हे मोठ्यानं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "गप्प बसायला मी काही आज या धंद्यात आले नाही." केवढं फुशारकीचं वाक्य! अजून आठवलं की कान तापतात.

"तुमची मर्जी," ते म्हणाले.

त्यांनीच मला दिंद्रुडपर्यंत सोडलं. बस यायला पाऊण तास होता. एरवी ते बस येईपर्यंत थांबायचे, चहा पाजायचे. त्या दिवशी मोटारसायकल वळवून गेले.

घरी येऊन मी अर्ज मागं घेतला. शालींची ओळ काढली, घोंगड्यांचा नवा अर्ज केला. सहीचं यंत्र लावण्याआधी दादांना फोन करून विचारलं, लावू का. "लावा," म्हणाले आणि फोन ठेवला. खरेदीदाराला मी स्वतः ईमेल लिहिला, शाली सवलतीत बसत नाहीत, कापड तिसऱ्या देशातलं आहे, चूक कागद करणाऱ्याची, विणकराची नाही. त्याचं उत्तर सभ्य होतं. घोंगड्या पाठवा, शाली नकोत. दोन दिवसांनी घोंगड्यांचं प्रमाणपत्र आलं, हिरव्या अक्षरांत 'मंजूर'. माल गेला. एकशेचाळीस शाली घरात राहिल्या.

पंधरा दिवसांनी रविवार आला. मी साडी नेसून, पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत गेले. परळीची गाडी लागलेली होती. मी तिच्याकडं बघत उभी राहिले आणि ती निघून गेली. मग भाजी घेतली आणि परत आले. चार भाज्या घेतल्या, एकटीला.

नंतर दादा एकदा आले. सहीचं यंत्र मागायला. पुण्यातल्या कुणीतरी कागद करून द्यायचं कबूल केलं होतं. "लांब पडतं तुमाला, पाय दुखतो," म्हणाले. मी चहा ठेवते म्हटलं तर गडबडीत होते. मी कपाटातून यंत्र काढून दिलं. त्यांच्यासमोर मी नीटच होते. ते गेल्यावर मात्र मी त्या कपाटापुढं बसून रडले, आणि रडता रडता स्वतःचाच राग आला. नियम तर हेच सांगतो ना, यंत्र ज्याचं त्याच्याकडंच असावं. मीच सांगितला होता.

माझ्या मनात त्या काळात एक बारीक भांडण चालू असे. रात्र-रात्र नव्हे, भांडी घासताना, बसची वाट बघताना. तू बरोबर होतीस. मग बरोबर असून एवढं एकटं कसं वाटतं? बरोबर होतीस, पण बोललीस कशी? दोन्ही खरं होतं आणि एकानं दुसरं खोडलं जात नव्हतं. त्या वाक्याची माफी मागायला फोन हातात घेई. काय म्हणणार होते? तुमच्या दोन महिन्यांच्या कामाला मी काहीच नाही म्हणाले, पण ते काही नाहीच आहे, नियमाप्रमाणे? माफी अशी मागत नाहीत. फोन खाली ठेवी.

दिवाळीनंतर कपिलधारची यात्रा असते. आमचं घर लिंगायताचं. आई होती तोवर दरवर्षी तिकडं जायची, मी मुंबईहून कधी आले नाही. त्या वर्षी वाटलं, एकदा तिच्या वतीनं जाऊन यावं. बीडहून गर्दीच्या गाडीत उभ्यानं गेले. दर्शन घेतलं, धबधब्याला पाणी बरं होतं, पायऱ्यांवर गुडघ्यानं शिव्या दिल्या. परतताना दुकानांच्या रांगेतून चालले होते. बेलफुलं, रुद्राक्षाच्या माळा, लाह्या-बत्तासे, स्टीलची भांडी. आणि एका ताडपत्रीवर शालींच्या घड्या.

ताडपत्रीमागं वहिनी होती.

मी गर्दीत थांबले. तिच्यासमोर दोन बाया शाली उलटसुलट करून बघत होत्या. एकीनं विचारलं, "हातमागाची हाय का?"

"न्हाई," वहिनी म्हणाली. "कापड भायेरच्या देशाचं हाय, सोलापूरच्या दुकानातून घेतलेलं. आमी काठ केलाय आन् गाठी मारल्यात. गाठी तेवढ्या बघून घ्या, एक सुटायची न्हाई."

तिनं ते इतकं सरळ सांगितलं, ना लाज, ना राग. बाईनं गाठ ओढून बघितली, दुसरीनंही बघितली, आणि शाल घेतली. त्या क्षणी तिच्याबद्दल मला एवढा अभिमान वाटला की मी पुढं झाले, शालीला हात लावला आणि म्हणाले, "वहिनी."

तिनं वर पाहिलं. ओळख पटली, हे मला दिसलं. ती उठली नाही, हसलीही नाही, शिवी तर नाहीच दिली. "घ्या," म्हणाली. "कोणता रंग देऊ?"

मी करडा रंग दाखवला. तिनं घडी झटकली, पुन्हा नीट घातली, पिशवीत भरून माझ्या हातात दिली. शाल घेतलेली बाई अजून तिथंच होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला काहीतरी वाटलं असावं. तिनं वहिनीला विचारलं, "कोण ह्या? पाहुण्या हाईत का तुमच्या?"

वहिनी पुढच्या गिऱ्हाइकाची शाल उलगडत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "पाहुण्या न्हाईत. आमची कागदं करायच्या पयले."

तिनं सांगितलेल्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पिशवी घेऊन बसकडं निघाले.